विचारल्याशिवाय नाव द्यायचं नाही

श्रोतेहो, नमस्कार. तुमचं वर्कशॉप असो की छोटं सॉफ्टवेअरचं दुकान, हा मेल तुम्हाला आलेलाच असणार. नवी पार्टी लिहिते, आधी तुमच्या तीन ग्राहकांची नावं आणि फोन द्या, सोबतच्या गोपनीयतेच्या करारावर सही करून पाठवा, मग ड्रॉइंग देऊ. मागणी रास्तच आहे. पण हातासरशी उत्तर द्यायची घाई करू नका.

जालन्याच्या एमआयडीसीत एक कारखानदार आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. बियाणं साफ करायची यंत्रं बनवतात, दाणे निवडणारा ग्रेडर, माल वर चढवणारा एलिव्हेटर वगैरे. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव, हे मी काय सांगायचं! तर परराज्यातल्या एका बियाणे कंपनीचा असाच मेल आला. मेल लिहिणारा गडी आपल्याकडचाच, फोनवर झकास मराठी बोलतो, पण लिहिताना इंग्रजीच. ही खोड कधी जाणार, देव जाणे. तात्यांचा भाचा लगेच यादी टाइप करायला बसला.

"काय करायलास रे?"

"नावं पाठवायलोय तात्या. पार्टी मोठी आहे."

"अरे, ज्याचं नाव पाठवायलास तो अन् हा, दोघं एकाच बाजारात कापसाचं बियाणं विकतात. त्याच्या प्लँटला तासाला किती टनाचं मशीन बसवलंय, हे ह्यानं फोनवर काढून घेतलं तर आपल्याला दारात उभं करतील का ते?"

तात्यांनी आधी उलटा निरोप धाडला: तासाला किती टन माल काढायचाय आणि मशीन कोणत्या महिन्यात लागणार, एवढं कळवा. यात गुपित काही नाही. पण खरी गरज असलेला माणूस हे लगेच सांगतो, नुसते भाव गोळा करणारा टाळतो. पार्टीनं सांगितलं, खरिपाच्या आधी पाहिजे.

मग तात्यांनी फोन उचलला. एक भाजीपाल्याचं बियाणं करणारे, एक लातूरचे डाळमिलवाले. धंदे वेगळे, एलिव्हेटर तसाच. म्हणाले, "शेठ, एक जण फोन करील. मशीन वेळेवर दिलं का, बिघडल्यावर माणूस येतो का, एवढंच सांगा. भाव अन् क्षमता सांगायची गरज नाही. नाव देऊ का?" दोघांनीही हो म्हटलं. कापूसवाल्यांनाही विचारलं, त्यांनी मात्र साफ नकार दिला.

तर तिसऱ्या नावाच्या जागी तात्यांनी काय लिहिलं ऐका: "हे ग्राहक तुमच्याच धंद्यातले आहेत, म्हणून त्यांचं नाव देत नाही. उद्या तुमचंही नाव असंच कुणाला देणार नाही." पार्टीचा साहेब नंतर म्हणाला, दोन नावांपेक्षा आम्हाला हीच ओळ पटली. पुन्हा सांगतो, विचारल्याशिवाय नाव द्यायचं नाही.

आता करार. चार पानं होती, तात्यांनी चष्मा लावून सगळी वाचली. तिसऱ्या पानावर एक अट होती, तीन वर्षं दुसऱ्या कोणत्याही बियाणे कंपनीला मशीन द्यायचं नाही. तात्या म्हणाले, "मग जालन्यात बसून मी काय फक्त चहा प्यायचा?" अट खोडून बाजूला छोटी सही केली. पार्टीचा फोन आला, "हा आमचा ठरलेला मसुदा आहे हो, कुणी वाचत नाही." वाचत नाहीत म्हणूनच तर असल्या अटी टिकून राहतात, असं माझं मत. 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 सांगतं की धंदा करायला बंदी घालणारी अट तेवढ्यापुरती रद्द धरली जाते. पण त्या भरवशावर सही करू नका, ते सिद्ध करायला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

तात्यांनी आणखी दोन बदल मागितले. गुपित म्हणजे ज्या कागदावर "गोपनीय" लिहिलंय तेवढंच. तोंडी सांगितलेलं महिन्याभरात लिहून दिलं तरच ते गुपित धरायचं. आणि बंधन दोन्ही बाजूंना, कारण तात्यांची ड्रॉइंगही तिकडे जाणार होती. सहीच्या आधी त्यांनी आपली जुनी डिझाइनं तारखेसकट स्वतःलाच मेल करून ठेवली. हे आम्हाला आधीच येत होतं, असं उद्या म्हणायची वेळ आली तर पुरावा हवा ना! स्टॅम्प पेपर 500 चा लागला. 100 वरून एकदम 500, लहान धंदेवाल्याला हे जाचतंच, पण बिनस्टॅम्पचा करार कोर्टात पुढे करायचा तर दंड भरत बसावं लागतं.

पार्टीनं शेवटी एलिव्हेटरची ऑर्डर दिली. ग्रेडर स्वस्तात दुसरीकडून घेतला. तात्यांनी त्याच दिवशी लातूरला फोन करून कळवलं, "शेठ, काम झालं. आता वर्षभर तुमचं नाव कुणाला देत नाही."