खालची लिमिट सरकली की काय होतं

दादरच्या एका क्लासमध्ये संध्याकाळची बारावीची बॅच चालूय. फळ्यावर 1/t चा कर्व्ह आहे, आणि 2 पासून 4 पर्यंतचा त्याच्याखालचा भाग सरांनी खडूने भरून ठेवलाय. बाजूला लिहिलंय, F(x) = ∫ (1/t) dt, खालची लिमिट x, वरची 2x. आत्ता x आहे 2.

आता सर x ला 2 वरून 2.1 करतात. वरची लिमिट 4 वरून 4.2 ला गेली, म्हणजे उजवीकडे 0.2 रुंदीची नवी पट्टी आत आली, तिथे कर्व्हची उंची साधारण 0.25, म्हणून एरिया वाढला जवळजवळ 0.05 ने. पण त्याच वेळी खालची लिमिटही 2 वरून 2.1 ला सरकली ना, मग डावीकडची 0.1 रुंदीची पट्टी बाहेर पडली, आणि तिची उंची 0.5, म्हणजे गेले तेही जवळजवळ 0.05 च. जेवढं आलं तेवढंच गेलं!

लायबनिझचा नियम हेच सांगतो. फंक्शनमध्ये वरची लिमिट टाका, त्या लिमिटच्या डेरिव्हेटिव्हने गुणा, आणि त्यातून खालच्या लिमिटचं तसंच वजा करा.

F'(x) = (1/2x)·2 − (1/x)·1 = 0

उत्तर बरोबर आहे हे लगेच दिसतं, कारण इंटिग्रेट केलं तर log 2 येतं, त्यात x उरतच नाही. बरीच मुलं तो 2 ने गुणायचं विसरतात, मग −1/(2x) येतं, म्हणजे एरिया कमी होतोय असं उत्तर निघतं आणि इथे तर तो हलतही नाहीये.

खरा घोळ होतो तो पुढच्या गणितात. e^(−t²), खालची लिमिट −x, वरची x. इथे पुष्कळ जण पटकन शून्य लिहून मोकळे होतात, मागच्यासारखंच कटतंय असं वाटतं म्हणून. पण चित्र काढून बघा, x वाढला की खालची लिमिट डावीकडे जाते, म्हणजे तिथेही नवी पट्टी आतच येते, बाहेर काहीच जात नाही. नियमातलं वजा कायम असतं, पण −x चा डेरिव्हेटिव्हही −1, म्हणून वजा वजा अधिक:

F'(x) = e^(−x²) − e^(−x²)·(−1) = 2e^(−x²)

आणि फंक्शनच ऋण असेल तर आत आलेली पट्टीसुद्धा उत्तर कमी करते, त्यामुळे लिमिट कुठल्या बाजूला सरकतेय आणि तिथे कर्व्ह अक्षाच्या वर आहे की खाली, हे दोन्ही बघायला लागतं.

हे सगळं चालतं ते आतल्या फंक्शनमध्ये फक्त t असेल आणि कर्व्ह मध्ये कुठे तुटत नसेल तेव्हा. म्हणून 1/t च्या गणितात x शून्य घेता येत नाही. आत e^(xt) सारखं काही आलं तर लिमिट न हलवतासुद्धा अख्खा कर्व्हच वरखाली होतो, त्याची एक वेगळी टर्म अजून मिळवावी लागते.