वही नेमकी कोणाची राहिली?

[दृश्य: सोयाबीन काढलेलं रान. कडेनं दप्तरं घेऊन चाललेली पोरं. पत्र्याच्या छपराची लांब इमारत, समोर कडुनिंब.]

निवेदन : लातूर जिल्हा, औसा तालुका. जिल्हा परिषदेची प्रशाला. नववीचा वर्ग, इंग्रजीचा तास. आज धडा आहे रिपोर्टेड स्पीचचा, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगण्याचा. फळ्यावर मात्र अजून एकही नियम नाही.

[दृश्य: टेबलावर स्टीलचा तांब्या. मॅडम त्यात मोबाईल उभा ठेवतात. वर्ग शांत होतो.]

निवेदन : शाळेत स्पीकर नाही, म्हणून हा तांब्या. मोबाईल आत ठेवला की आवाज जरा मोठा होतो, मागच्या बाकापर्यंत पोचतो. रेकॉर्डिंग कालचं, मंगळवारचं आहे. बोलणारी दोघं याच वर्गातली : एक मॉनिटर मुलगी आणि तिच्या शेजारच्या रांगेतला एक मुलगा. पाठांतर नाही, आधी लिहून दिलेलं काही नाही. तिला खरंच वह्या गोळा करायच्या होत्या आणि त्याच्याकडे खरंच वही नव्हती. इंग्रजीत बोला, एवढंच मॅडमनी सांगितलं होतं. सगळं मिळून वीस सेकंदांच्या आत.

[ध्वनी: रेकॉर्डिंग, जसंच्या तसं.]

मुलगी : व्हेअर इज युवर नोटबुक?
मुलगा : आय फरगेट इट होम.
मुलगी : ब्रिंग इट टुमॉरो.
मुलगा : ओके. आय विल ब्रिंग.

[दृश्य: मुलं ऐकतायत. कुणी हसतं. तो मुलगा मान खाली घालतो.]

निवेदन : मॅडम हे तीनदा ऐकवतात. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा कोण कोणाला बोललं ते लिहायचं. तिसऱ्यांदा वाक्यं लिहायची, अवतरणचिन्हांसकट. चार वाक्यांपेक्षा जास्त कधीच घेत नाहीत, कारण पाचव्या वाक्याला पहिलं कुणाचं होतं हेच पोरं विसरतात.

[दृश्य: फळा. खडूनं लिहिलेलं वाक्य, त्यातला एक शब्द खोडलेला.]

निवेदन : आणि इथं एक काम आधी उरकावं लागतं. खऱ्या बोलण्यात खऱ्या चुका असतात. 'वही घरी विसरलो' हे मनातलं मराठी, त्याचं झालं 'फरगेट इट होम'. जागा सांगायची असेल तर इंग्रजीत वस्तू विसरत नाहीत, मागे ठेवून येतात : 'आय लेफ्ट इट ॲट होम'. शेवटच्या ओळीतही एक 'इट' कमी आहे. मॅडम दोन्ही ओळी आधी दुरुस्त करतात आणि मगच पुढं जातात. चुकलेलं वाक्य तसंच रूपांतराला दिलं, तर पुढं झालेली चूक रूपांतराची की मूळ वाक्याची, हे ना पोरांना कळतं ना मॅडमना. ज्यांना ही पद्धत करून पाहायची आहे त्यांनी ही पायरी गाळू नये. बहुतेक वर्ग इथंच घसरतात.

[दृश्य: खिडकीपाशी बसणारी मुलगी उठून पुढं येते. तिच्या खांद्यावर दप्तर.]

निवेदन : आता तिसरी व्यक्ती. ही मुलगी काल त्या बोलण्यात नव्हती. त्या दोघांचं बोलणं तिनं वर्गाला सांगायचं आहे. ती सांगते : 'ही सेड दॅट आय लेफ्ट इट ॲट होम.'

[दृश्य: मॅडम तिच्याकडे पाहतात. नंतर तिच्या दप्तराकडे.]

मॅडम : तुझी वही घरी राहिली का गं?
मुलगी : नाय मॅडम. माझी हाय की.
मॅडम : मग 'आय' कोण?

[दृश्य: मुलगी दप्तर उघडते. वही बाहेर काढून वर धरते. वर्गात हशा. कॅमेरा वहीवर स्थिर.]

निवेदन : ही चूक आळसाची नाही. ती मराठीतून आलेली आहे. आपण म्हणतो, 'तो म्हणाला की मी वही घरी विसरलो.' इथं 'मी' म्हणजे सांगणारा नव्हे, तो मुलगा, हे मराठी ऐकणाऱ्याला आपसूक कळतं. आपल्या भाषेत 'की'च्या पुढं मूळ बोलणं जसंच्या तसं बसतं. 'मी' तसाच राहतो, काळ तसाच राहतो. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथं 'आय' म्हणजे या क्षणी ज्याच्या तोंडातून शब्द निघतोय तो, दुसरा कुणी नाही.

गाईडमध्ये यासाठी एस-ओ-एन असं सूत्र असतं. पहिला पुरुष कर्त्याप्रमाणे, दुसरा कर्माप्रमाणे, तिसरा बदलत नाही. सूत्र खोटं नाही. पण ते पाठ असूनही पोरं 'आय' लिहितात, कारण सूत्रात माणूस दिसत नाही. इथं तो दप्तर घेऊन समोर उभा आहे.

[दृश्य: तिघं ओळीनं उभे. मॅडम एकेकाच्या खांद्यावर हात ठेवतात.]

निवेदन : आता तेच पहिलं वाक्य, वहीबद्दलचा प्रश्न, तिघांनी सांगायचा.

तिसरी मुलगी : शी आस्क्ड हिम व्हेअर हिज नोटबुक वॉज.
मॉनिटर : आय आस्क्ड हिम व्हेअर हिज नोटबुक वॉज.
मुलगा : शी आस्क्ड मी व्हेअर माय नोटबुक वॉज.

[दृश्य: फळ्यावर तिन्ही वाक्यं एकाखाली एक. तिन्हींपुढं बरोबरची खूण.]

निवेदन : एक प्रश्न, तीन उत्तरं, तिन्ही बरोबर. आमच्याकडच्या सगळ्या चित्रीकरणात हाच फळा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. पुस्तकातल्या वाक्यात बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि सांगतंय कोण, यातलं शेवटचं कुणीच नसतं. ते नसलं की सर्वनाम बदलायचं कशावरून, याला आधारच उरत नाही.

[दृश्य: जवळून : 'व्हेअर हिज नोटबुक वॉज' या शब्दांखाली खडूची रेघ.]

निवेदन : या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे. थेट प्रश्नात 'इज' आधी येतं : व्हेअर इज युवर नोटबुक. सांगताना ते मागं जातं. पोरं इथं हमखास 'आस्क्ड हिम दॅट व्हेअर इज युवर नोटबुक' असं लिहितात. 'दॅट' कुठून आलं? आपल्या 'की'मधून : 'तिनं विचारलं की वही कुठंय.' प्रश्नशब्द असला की इंग्रजीत त्या 'की'ला जागा नाही.

मॅडम त्यांना एक खूण सांगतात : क्रियापद मराठीसारखं शेवटी न्या. 'त्याची वही कुठं होती' यात 'होती' शेवटी, तसं 'हिज नोटबुक वॉज' यात 'वॉज' शेवटी. सांगितलेला इंग्रजी प्रश्न इथं मराठीच्या जवळ येतो, हे ऐकून मागच्या बाकावरचा एक जण वहीत चौकट करून लिहून घेतो. पण खूण छोट्या वाक्यापुरतीच. 'व्हेअर ही हॅड पुट हिज नोटबुक' यात क्रियापद शेवटी नाही, ते फक्त कर्त्याच्या मागं आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी मॅडम खूण दुरुस्त करतात : आधी कर्ता, मग क्रियापद. शेवटी असलंच पाहिजे असं नाही.

[दृश्य: फरशीवर खडूनं काढलेली तीन वर्तुळं. मुलं एकातून दुसऱ्यात पाय टाकतात.]

निवेदन : काळासाठी ही वर्तुळं. पहिल्यात 'आज', म्हणजे बुधवार. दुसऱ्यात 'काल बोलले तेव्हा'. तिसऱ्यात 'त्याच्याही आधी'. वही घरी राहिली ती बोलण्याच्या आधी, म्हणून मुलगा तिसऱ्या वर्तुळात उभा राहतो आणि 'लेफ्ट'चं 'हॅड लेफ्ट' होतं : ही सेड दॅट ही हॅड लेफ्ट इट ॲट होम.

[दृश्य: फळ्यावर 'ब्रिंग इट टुमॉरो'. मॅडम वर्गाकडे वळतात.]

निवेदन : आणि मग येतं ते वाक्य, ज्याच्यासाठी रेकॉर्डिंग काल केलं आणि धडा आज घेतला. 'ब्रिंग इट टुमॉरो.' आज्ञा आहे, म्हणून 'टोल्ड हिम टू ब्रिंग इट'. इथपर्यंत सगळे येतात. पुढं काय? अर्धा वर्ग ओरडतो, 'द नेक्स्ट डे!' टुमॉरोचं द नेक्स्ट डे, हे आठवीपासून पाठ आहे.

मॅडम : कालचा 'टुमॉरो' म्हंजे कोणता वार?
वर्ग : बुधवार.
मॅडम : आन् आज कोणता वार हाय?

[दृश्य: वर्ग गप्प. मग एक हात वर. मग चार-पाच.]

निवेदन : शी टोल्ड हिम टू ब्रिंग इट टुडे.

[दृश्य: मॅडम 'टुडे' लिहितात. सगळे त्या मुलाकडे बघतात.]

निवेदन : आज बुधवार आहे, म्हणजे कालचा उद्या आज आलेला आहे. हेच वाक्य पुढच्या महिन्यात कुणाला सांगायचं झालं तर 'द नेक्स्ट डे' बरोबर ठरेल. 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' असे शब्द बदलून देणारा जो तक्ता पोरं पाठ करतात, त्यातले शब्द हे असे नंतर सांगण्यासाठी आहेत, आणि तक्ता हे कुठंच लिहीत नाही. 'हिअर'चं तसंच. याच खोलीत उभं राहून सांगितलं तर 'हिअर' 'हिअर'च राहतं, गावात जाऊन सांगितलं तर 'देअर' होतं.

परीक्षेत वाक्य एकटंच येतं, वार नाही, जागा नाही. तिथं सांगणं नंतरचं आणि दुसरीकडचं आहे असं धरायचं आणि 'द नेक्स्ट डे' लिहायचं, हेही मॅडम त्याच तासाला स्पष्ट सांगतात. दोन्ही वाक्यं वहीत शेजारी शेजारी लिहिली जातात, वर तारखेसह.

शेवटच्या ओळीतलं 'ओके' मात्र बदलता येत नाही. 'ही सेड दॅट ओके' हे इंग्रजी नव्हे. त्याचं काम काय होतं ते बघायचं : त्यानं मान्य केलं, शब्द दिला. ही अग्रीड. ही प्रॉमिस्ड टू ब्रिंग इट.

[दृश्य: तो मुलगा दप्तरातून वही काढून मॉनिटरच्या बाकावर ठेवतो.]

निवेदन : घटक चाचणीत 'आय'ची चूक कमी झाली, 'दॅट व्हेअर' मात्र अजून अधूनमधून येतं, असं मॅडम सांगतात.

[दृश्य: पाऊस. पत्र्यावर आवाज. तांब्यातला मोबाईल, पण काहीच ऐकू येत नाही.]

निवेदन : पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की हा तास होत नाही. त्या दिवशी मुलं दोघादोघांनी एकमेकांच्या कानाशी बोलतात आणि तिसरा लिहून घेतो. रेकॉर्डिंगसाठी पालकांना आधी विचारलेलं असतं, आणि धडा झाला की मुलांच्या समोरच ते पुसून टाकलं जातं.

[दृश्य: गुरुवार. दुसरी जोडी. मोबाईलचा लाल ठिपका.]

मुलगी : व्हाय वेअर यू ॲबसेन्ट यस्टर्डे?
मुलगा : वुई वेअर कटिंग सोयाबीन.

[दृश्य: शुक्रवार. त्याच वर्गात एक मुलगी वहीत लिहिते : 'शी आस्क्ड हिम व्हाय ही हॅड बीन ॲबसेन्ट'. हात थांबतो. 'द प्रीव्हियस डे' लिहिते. बोटं मोजते. शेजारी कंसात 'ऑन वेन्सडे' लिहिते आणि दोन्ही तसंच ठेवते. घंटा.]