मटणाला किती शिट्ट्या?

(दृश्य: सकाळ, मटणाचं दुकान. ओंडक्यावर सुरा चालतोय.)

रविवारची सकाळ. कोल्हापुरातलं मटणाचं दुकान. ओंडक्यावरचे हे सगळे तुकडे एकाच बोकडाचे. ही मान, हा सीना, ही चाप, ही मांडी, आणि ही नळी. तराजूत सगळं एकत्र पडतं, त्याला म्हणायचं मिक्स. घरी गेल्यावर ते एकाच कुकरमध्ये, एकाच वेळी जातं. मग चाप विरघळते आणि मान वातड राहते, आणि दोष मटणाला दिला जातो.

(दृश्य: मानेचा तुकडा, अगदी जवळून.)

मानेचा हा तुकडा नीट बघा. लाल मांसाच्या मधून पांढरट पडदे गेलेत. सुरीचं टोक लावलं तरी ते सहज तुटत नाहीत, रबरासारखे ताणतात. हे कोलॅजन. मांसाचे धागे एकमेकांना आणि हाडाला बांधून ठेवणारा दोर. पाला ओरबाडायला मान ताणणारं, चढण चढणारं जनावर आहे हे. जो भाग जास्त राबला, तिथे हा दोर जास्त. म्हणून मान, फरा म्हणजे खांदा, आणि नळीचं मांस चिवट, आणि पाठीलगतची चाप त्या मानाने मऊ.

(दृश्य: बॉयलर कोंबडीची छाती, शेजारी मटणाचा तुकडा.)

आता शेजारी बॉयलर कोंबडीची छाती. पडदा शोधावा लागतो. ही कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असताना कापली जाते. बोकड आठ महिन्यांचा, वर्षाचा, कधी त्याहून मोठा. जनावराचं वय वाढतं तसे कोलॅजनच्या धाग्यांमधले सांधे पक्के होत जातात, आणि पक्का सांधा उष्णतेला लवकर दाद देत नाही. कोंबडीचा कोवळा दोर पाच-सहा मिनिटांत सुटतो. बोकडाच्या दोराला वेळ द्यावाच लागतो.

(दृश्य: कुकरची शिट्टी उचलली जातेय, वाफ.)

कुकर नेमकं काय करतो? उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळतं आणि तिथेच थांबतं. शिट्टीच्या वजनाखाली कोंडलेल्या वाफेत ते साधारण एकशे वीस अंशांपर्यंत चढतं. त्या वीस अंशांत कोलॅजन कितीतरी लवकर विरघळून रश्श्यात उतरतं. पातेल्यात दीड-दोन तास घेणारं मटण कुकरमध्ये वीस-पंचवीस मिनिटांत होतं.

मधला टप्पा मात्र फसवा आहे. सुरुवातीच्या उष्णतेने मांसाचे धागे आखडतात, पाणी सोडतात. कोलॅजनही आधी आकसतं, विरघळतं नंतर. म्हणजे दहा मिनिटांनी कुकर उघडलात तर तुकडा आधीपेक्षा घट्ट लागेल. अनेकांना वाटतं, जास्त शिजून कडक झालं. तसं नसतं, ते अर्ध्या वाटेवर आहे. झाकण लावा, आणखी दहा मिनिटं द्या. कोंबडीचं उलट. तिच्यात विरघळायला फार काही नसतं, त्यामुळे जादा वेळ फक्त पाणी पिळून काढतो. छाती धाग्याधाग्याने सुटते आणि भुशासारखी लागते.

(दृश्य: दोन कुकर. एक मोठ्या आचेवर, एक बारीक.)

हे दोन्ही कुकर एकाच वेळी ठेवलेत. मोठ्या आचेवरच्याने पाच शिट्ट्या दिल्या, बारीक आचेवरच्याने एक. आतलं तापमान जवळपास सारखंच आहे. शिट्टी म्हणजे जादा झालेली वाफ बाहेर पडणं, शिजल्याची खूण नव्हे. म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि तिथून मिनिटं मोजायची.

(दृश्य: ओटा. एक किलो मटण दोन ताटांत वेगळं केलेलं.)

एक किलो मिक्स मटण, वर्षाच्या आसपासच्या बोकडाचं. कुकर पाच लिटरचा. दुकानातच सांगून ठेवलं होतं, "दादा, मान, नळी आणि फरा वेगळा बांधा. कलेजी पण वेगळी." इतकंच सांगायचं असतं.

दोन मोठे चमचे तेल, चिरलेला एक कांदा, दोन चमचे आलं-लसणाचं वाटण, अर्धा चमचा हळद, दीड चमचा मीठ. त्यात आधी मान, नळी आणि फऱ्याचे तुकडे. सात-आठ मिनिटं परता, मांस स्वतःचं पाणी सोडेल. मग अर्धा लिटर पाणी, कडकडीत गरम. गार पाणी ओतलं की सगळंच थंड होतं आणि पुन्हा तापायला वेळ जातो. पातेल्यात मटण शिजवताना झाकणावर पाणी ठेवायची आपली जुनी रीत याच कामाची, भर घालायला गरम पाणी हाताशी राहतं.

झाकण, पहिली शिट्टी, गॅस बारीक, बारा मिनिटं. मग गॅस बंद, आणि वाफ आपोआप जिरू द्या. आत रस्सा शंभर अंशांच्या वर आहे. शिट्टी उचलून वाफ सोडलीत तर तो एकदम उसळतो, मांसातलं पाणीही वाफ होऊन निघून जातं, आणि शिजलेला तुकडा कोरडा पडतो.

झाकण सुटलं की मांडी, सीना आणि चाप घाला. पुन्हा पहिली शिट्टी, पुन्हा बारीक गॅस, पंधरा मिनिटं. म्हणजे मानेला सत्तावीस मिळाली, चापेला पंधरा. कलेजी शेवटी, उघड्या कुकरमध्ये, पाच-सहा मिनिटं. तिला दाबाखाली घातली की ती खडूसारखी कोरडी होते.

(दृश्य: नळीचा तुकडा. मांस हाडाच्या टोकावरून मागे सरलेलं.)

झालं की नाही, हे इथे दिसतं. हाडाच्या टोकावरून मांस बोटाच्या पेराइतकं मागे सरलंय. चमच्याच्या कडेने दाबलं की तुटतंय, पण तुकडा आकार धरून आहे. चमचा दाबल्यावर मांस परत उसळलं, तर आणखी पाच मिनिटं.

पाया असेल तर हा हिशोब सोडा. पायात मांस नाहीच, नुसती शीर आणि कातडं. पाऊण तास बारीक आचेवर, कधी तासभर. जनावर चार दाती, निबर असेल तर मांडीलाही पंचवीस-तीस मिनिटं लागतात.

(दृश्य: अंगणातला गावठी कोंबडा.)

आणि हा कोंबडाच आहे, तरी याला पाच मिनिटं पुरणार नाहीत. वर्षभर उकिरडा उकरलेली ही मांडी. वीस मिनिटं धरा, जवळजवळ बोकडाइतकीच. वय आणि राबणं जनावराच्या नावापेक्षा मोठं आहे.

(दृश्य: पुन्हा दुकान. टांगलेला बोकड.)

एक गोष्ट दुकानातच ठरते. कापल्यानंतर काही तासांत मांस ताठरतं. कोंबडीचा ताठरपणा काही तासांतच उतरतो, बोकडाचा उतरायला फ्रीजमध्येही एक-दोन दिवस लागतात. आपण मात्र सकाळी कापलेलं दुपारी ताटात घेतो. जमलं तर शनिवारीच आणा, झाकून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. त्याच बोकडाचे, तेच तुकडे, पण रविवारी कमी वेळात शिजतील.

(दृश्य: फ्रीजमधून काढलेली अळणी रश्श्याची वाटी. उलटी धरली तरी सांडत नाही.)

रात्रभर ठेवलेला अळणी रस्सा. मान आणि नळीतलं कोलॅजन आता या वाटीत थिजलंय.