नऊ ट्रक सुटले, पाचशे बेचाळीस उगाच तपासले

[दृश्य: रात्रीचा हमरस्ता, कडेला उभा असलेला मालट्रक. ब्रेकच्या हवेचा आवाज.]

एसटी थांब्यावर थांबली की एक 'फुस्स' असा आवाज येतो. तो ब्रेकमधल्या हवेचा. अवजड गाड्यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, बऱ्याच ट्रकमध्ये गिअर बदलायलाही तीच हवा लागते. हवेचा दाब फार उतरला की स्प्रिंगचे ब्रेक आपोआप आवळतात आणि गाडी आहे तिथे उभी राहते. ड्रायव्हरने कितीही खटपट केली तरी ती हलत नाही.

स्वीडनच्या स्कानिया या ट्रक बनवणाऱ्या कंपनीने याच हवेच्या यंत्रणेची माहिती २०१६ साली एका स्पर्धेसाठी खुली केली. स्टॉकहोमला डेटा विश्लेषणाची परिषद भरली होती, तिच्या निमित्ताने. नोंदींवरून अंदाज बांधणाऱ्या संगणकीय मॉडेलच्या शिकवणीसाठी ६०,००० ट्रकच्या नोंदी आणि परीक्षेसाठी आणखी १६,०००. प्रत्येक ट्रकमागे सेन्सरची १७० मोजमापं. सगळे ट्रक कुठे ना कुठे बिघडलेलेच होते. ओळखायचं एवढंच, की दोष हवेच्या यंत्रणेतल्या त्या ठरावीक भागात आहे की दुसरीकडे.

स्पर्धेत अचूकतेचे गुण नव्हते. कंपनीने चुकांचे दर ठरवून दिले होते. दोष नसताना मेकॅनिकला ट्रक उगाच तपासायला लावला, तर दंड १०. दोष असलेला ट्रक तसाच जाऊ दिला, तर दंड ५००. उत्तर बरोबर आलं, तर शून्य. या चार आकड्यांच्या चौकटीला कॉस्ट मॅट्रिक्स म्हणतात.

[दृश्य: पडद्यावर चार घरांची चौकट. दोन घरांत शून्य, एका घरात १०, एका घरात ५००.]

आता परीक्षेचे १६,००० ट्रक घेऊ. त्यांतले फक्त ३७५ खरे दोषी. समजा, आपण डोळे मिटून प्रत्येक ट्रकला 'दोष नाही' म्हटलं. ३७५ चुका होतील आणि अचूकता भरेल साडेसत्त्याण्णव टक्क्यांच्या वर. दंड मात्र ३७५ गुणिले ५००, म्हणजे १,८७,५००.

पहिल्या आलेल्या संघाने ५५१ चुका केल्या. काहीच न करणाऱ्यापेक्षा १७६ जास्त! पण त्यांतल्या ५४२ चुका होत्या उगाच केलेल्या तपासण्या, आणि दोषी ट्रक सुटले फक्त नऊ. दंड: ५४२० अधिक ४५००, एकूण ९,९२०. अचूकतेच्या यादीत हा संघ डोळे मिटून बसणाऱ्याच्याही खाली गेला असता. मला या स्पर्धेतली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते.

हे जमतं कसं, ते एकाच ट्रकवर पाहू.

[दृश्य: वर्कशॉपच्या दारात उभा एक ट्रक. मेकॅनिकच्या हातात बॅटरी.]

मॉडेल सांगतं, 'या ट्रकमध्ये दोष असण्याची शक्यता शंभरात तीन.' सवयीने कोणीही म्हणेल, तीनच टक्के ना, जाऊ दे. आता हिशोब मांडा. असे शंभर ट्रक जाऊ दिले, तर त्यांतले तीन दोषी निघणार. तीन पाचशे, दीड हजार. शंभरही तपासले, तर सत्त्याण्णव तपासण्या वाया, दंड ९७०. म्हणजे हा ट्रक आत घ्यायचा.

दोन्ही बाजूंचा खर्च सारखा होतो ती रेघ म्हणजे उंबरठा. इथे तो १० भागिले दोन्ही दंडांची बेरीज ५१०, म्हणजे दोन टक्क्यांच्या किंचित खाली. संगणकशास्त्रज्ञ चार्ल्स एल्कन यांनी २००१च्या आपल्या निबंधात हे सूत्र नीट मांडलं, आणि बरोबर उत्तरालाही खर्च येत असेल तर तो कसा धरायचा तेही सांगितलं. बहुतेक सॉफ्टवेअर न विचारता पन्नास टक्क्यांवर रेघ मारतं. ती रेघ दोन्ही चुका सारख्याच महाग असतील तेव्हाच बरोबर.

पण 'शंभरात तीन' हे मॉडेलने म्हटलं म्हणून खरं मानायचं का? इथेच घात होतो. रँडम फॉरेस्टसारखं मॉडेल पुष्कळ 'झाडांच्या', म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या साखळ्यांच्या, कौलातून आकडा काढतं. शंभर झाडं असतील, तर दोन टक्के म्हणजे जेमतेम दोन झाडांचा कौल. एवढ्या बारीक टोकाला तो आकडा डळमळीत असतो. तपासायचं असेल, तर बाजूला ठेवलेल्या नोंदींमधून मॉडेलने दोन टक्क्यांच्या आसपास ठेवलेले हजारएक ट्रक वेगळे काढा आणि खरे दोषी मोजा. वीसच्या आसपास निघाले तर ठीक. साठ निघाले, तर मॉडेल धोका कमी सांगतंय.

दुसरी चूक फार जण करतात. दोषी ट्रक कमी आहेत म्हणून शिकवतानाच त्यांना पन्नास पट वजन देतात. त्याने मॉडेलचे आकडे आधीच वर सरकतात. मग त्यावर पुन्हा दोन टक्क्यांची रेघ लावली, की एकच महागाई दोनदा मोजली जाते आणि जवळजवळ सगळेच ट्रक वर्कशॉपच्या दारात उभे राहतात. वजन द्या किंवा रेघ सरकवा. दोन्ही एकदम नको.

आकड्यांवर भरवसा नसेल, तर सूत्र बाजूला ठेवून रेघ अनुभवावरून शोधता येते. शिकवणीच्या ६०,००० नोंदींतल्या काही राखून ठेवायच्या आणि त्यांच्यावर वेगवेगळ्या रेघांचा दंड मोजायचा:

```python
p = model.predict_proba(X_val)[:, 1]
for t in [0.5, 0.2, 0.1, 0.05, 0.02]:
    fp = ((p >= t) & (y_val == 0)).sum()
    fn = ((p < t) & (y_val == 1)).sum()
    print(t, 10 * fp + 500 * fn)
```

परीक्षेच्या नोंदींना इथे हात लावायचा नाही. त्यांच्यावरच रेघ निवडली, तर येणारा दंड खऱ्यापेक्षा कमी दिसतो. शिवाय एक दोषी ट्रक सुटला की दंड एकदम ५०० ने उडी मारतो. म्हणून एकाच वाटणीवर विसंबू नये. नोंदी चार-पाच वेळा वेगवेगळ्या वाटून दंड पाहावा.

[दृश्य: दोन आकडे शेजारी शेजारी. डावीकडे शिकवणी, उजवीकडे परीक्षा.]

या नोंदींतच आणखी एक खाच आहे. शिकवणीत दोषी ट्रक ६०,००० मध्ये १,०००, म्हणजे १.६७ टक्के. परीक्षेत मात्र २.३४ टक्के. आपली रेघ या दोहोंच्या बरोबर मध्ये पडते. त्यामुळे शिकवणीच्या नोंदींत एकही ट्रक न तपासणं हे सगळे तपासण्यापेक्षा स्वस्त: पाच लाखांसमोर ५,९०,०००. परीक्षेत नेमकं उलट, सगळे तपासणंच स्वस्त: १,५६,२५०, आणि काहीच न तपासल्यास १,८७,५००. दर तेच, रेघ तीच. फक्त दोषी ट्रकचं प्रमाण बदललं. मॉडेलच्या शक्यता मात्र शिकवणीतल्या प्रमाणावर बेतलेल्या असतात, म्हणून ते प्रमाण बदललं की त्या पुन्हा जुळवाव्या लागतात.

[दृश्य: निकालाची यादी.]

आणि ते ५०० कुठून आले? तो आकडा मॉडेल शिकत नाही, तो माणसाने ठरवायचा असतो. रस्त्यात बंद पडलेला ट्रक ओढून नेण्याचा खर्च, अडकलेला माल, उशिराचा दंड, असं सगळं त्यात येतं. तिसऱ्या आलेल्या संघाने ३९८ ट्रक उगाच तपासले आणि १५ दोषी सोडले. दंड ११,४८०. आता सुटलेल्या ट्रकचा दर ५०० ऐवजी २०० धरून त्याच निकालांची बेरीज पुन्हा करा. पहिल्या संघाची येते ७,२२०, तिसऱ्याची ६,९८०. एकाही ट्रकचं उत्तर बदललेलं नाही, आणि तिसरा संघ पहिला आला.