पहिल्या फेरीनंतरचा मेल

श्रोतेहो, नमस्कार.

मुलाखतीची पहिली फेरी संपते, व्हिडिओ कॉल बंद होतो आणि घरातलं कुणीतरी विचारतं, ‘कशी झाली?’ आपण म्हणतो, ‘बरी झाली.’ तिथून पुढच्या चोवीस तासांबद्दल मला आज बोलायचं आहे. त्या वेळात पाठवायचा आभाराचा मेल आणि त्यात घ्यायचा एकच मुद्दा, एवढाच आजचा विषय. मी बरीच वर्षं मुलाखती घेते आहे, त्यामुळे हे मेल ज्यांच्याकडे येतात त्यांच्यापैकी मी एक आहे.

बहुतेक मेल असे असतात: ‘आपण वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. आपल्या कंपनीत काम करण्यास मी उत्सुक आहे.’ यात चूक काहीच नाही. पण त्या दिवशी मी पाच जणांशी बोललेली असेन, तर हा मेल त्या पाचांपैकी कुणाचाही असू शकतो. तो वाचून समोरच्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर येत नाही, आमचं काय बोलणं झालं तेही आठवत नाही.

आता एका मुलीचं सांगते. गोदामातल्या मालाचा हिशेब सांभाळण्याचं काम होतं. पहिली फेरी अर्ध्या तासाची. बोलता बोलता मी तिला आमची एक अडचण सांगितली. गिऱ्हाईकांकडून परत आलेला माल गोदामात पोचतो, पण त्याची नोंद व्हायला दोन दिवस लागतात. तोवर स्क्रीनवरचा आकडा वेगळा आणि रॅकवरचा माल वेगळा. ती म्हणाली, ‘दर आठवड्याला मोजणी करता येईल.’ उत्तर ठीक होतं, पण अपुरं होतं. मोजणीने फरक सापडतो, तो पडायचा थांबत नाही. मी पुढच्या प्रश्नाकडे वळले आणि तो विषय तिथेच राहिला.

कॉल संपल्याबरोबर तिने वहीत तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या, हे तिने मला नंतर सांगितलं. मी कोणती अडचण सांगितली, तिने काय उत्तर दिलं आणि काय सांगायचं राहून गेलं. हे लगेच लिहायला हवं. रात्रीपर्यंत थांबलं तर आपण काय बोललो तेवढंच लक्षात राहतं, समोरच्याचे नेमके शब्द निसटून जातात. आणि मेलला खरा उपयोग त्या शब्दांचाच असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेल आला. थोडक्यात असा:

‘नमस्कार मॅडम, काल आपण वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. परत आलेल्या मालाची नोंद दोन दिवस उशिरा होते, असं आपण म्हणालात. मी आठवड्याच्या मोजणीचं सुचवलं होतं, पण त्याने उशीर कमी होणार नाही, हे नंतर लक्षात आलं. आधीच्या कामात आम्ही असा माल दारातच “तपासणी बाकी” म्हणून नोंदवत होतो आणि त्याला वेगळा रॅक ठेवला होता. तपासणी होईपर्यंत तो विक्रीच्या आकड्यात धरला जात नसे. आपल्याकडे हे जमेल का, हे तपासणीला किती माणसं आहेत त्यावर अवलंबून आहे. पुढच्या फेरीत याबद्दल बोलायला आवडेल.’

खाली नाव आणि फोन नंबर. मेल संपला.

यातला मुद्दा कसा निवडलाय ते बघा. कंपनीच्या वेबसाइटवरचं एखादं वाक्य उचललेलं नाही, ते मुलाखत न देताही उचलता आलं असतं. ज्या प्रश्नावर ती छान बोलली होती, तोही पुन्हा घेतलेला नाही. ते उत्तर मी आधीच टिपून ठेवलं होतं. जिथे बोलणं अर्धवट राहिलं, नेमकी तीच जागा तिने धरली आणि विषय तीन-चार वाक्यांनी पुढे नेला. स्वतःचं उत्तर कमी पडलं हे एका वाक्यात मान्य केलं, त्यावर सफाई देत बसली नाही. काही जण इथेच घसरतात. ‘त्या वेळी मी थोडा गोंधळलो होतो, खरं तर मला म्हणायचं होतं की...’ असं पानभर लिहितात, आणि मी विसरून गेलेली चूक मला पुन्हा आठवते.

मला त्यातलं शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात आवडलं, तपासणीच्या माणसांचं. आमचं गोदाम तिने पाहिलेलं नव्हतं आणि ते ती विसरली नव्हती. अर्ध्या तासाच्या ओळखीवर ‘तुम्ही असं करा’ म्हणणारा मेल वाचणाऱ्याला खटकतो.

आता चोवीस तासच का? पहिल्या फेरीचे शेरे मी त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी लिहून देते. कुणाला पुढे बोलवायचं, ते त्यावर ठरतं. तोवर मेल आला तर तो शेरे लिहिताना समोर असतो. चौथ्या दिवशी आला तर यादी गेलेली असते. शुक्रवारी मुलाखत झाली असेल तर सोमवारची वाट बघू नका, शुक्रवारीच पाठवा. मात्र कॉल बंद झाल्यावर दोन मिनिटांत आलेला मेल आधीच लिहून ठेवलेला वाटतो. दोन-चार तास जाऊ द्यायला हरकत नाही.

पत्त्याची अडचण बऱ्याच जणांना येते. मुलाखत घेणाऱ्याचा मेल आयडी माहीत नसतो. तो अंदाजाने जुळवू नका. ज्या एचआरकडून वेळ ठरल्याचा मेल आला, त्यालाच उत्तर द्या आणि ‘हे मॅडमपर्यंत पोचवाल का’ असं लिहा. त्याच मेलला उत्तर दिल्याने कोणती जागा, कोणती तारीख, हे सगळं खाली दिसतं. भाषा मुलाखतीचीच ठेवा. समोर दोघं असतील तर दोघांना वेगळा मेल लिहा आणि मुद्दाही वेगळा घ्या. आम्ही एकमेकांना मेल दाखवतो. दोन्हीकडे तेच शब्द दिसले की साचा उघडा पडतो.

आणखी एक सांगायलाच हवं. बोलण्याच्या ओघात समोरचा कधी आतलं काही सांगून जातो. कुणी नोकरी सोडतंय, एखाद्या गिऱ्हाइकाशी वाद चाललाय. तो मुद्दा कितीही नेमका असला तरी मेलमध्ये नको. मेल पुढे पाठवला जातो, आणि सांगणारा माणूस अडचणीत येतो. पगार आणि ‘निकाल कधी’ हे प्रश्नही या मेलमध्ये घालू नका. ते एचआरला वेगळे विचारता येतात.

मुलाखत वाईट झाली असेल तर हा मेल ती सावरू शकत नाही. आवश्यक अनुभवच नसेल तर मेल कितीही चांगला असला तरी माझा शेरा बदलत नाही. फरक पडतो तो दोन उमेदवार अगदी जवळजवळ असतात तेव्हा. आणि उत्तर आलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. मी स्वतः बहुतेक मेलना उत्तर देत नाही, कारण निर्णय व्हायच्या आधी एकाला काही लिहिणं दुसऱ्यावर अन्याय होतो. पण वाचते सगळे.

त्या मुलीलाही मी उत्तर दिलं नव्हतं. आठवड्याभराने ती दुसऱ्या फेरीला आली, तेव्हा तिच्या मेलची प्रिंट माझ्या फाइलमध्ये होती आणि गोदामाचे प्रमुख शेजारी बसले होते. ती प्रिंट पुढे सरकवून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘तपासणीला आमच्याकडे दोनच माणसं आहेत. आता सांगा, रॅक कुठे ठेवायचा?’