आरएसीचं तिकीट: बसायचं कसं आणि रद्द करायचं कधी

(परळ येथे कोकणात जाणाऱ्या प्रवाशांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गणपतीचं तिकीट काढताना आपल्याकडे दोनच गोष्टी विचारतात: कन्फर्म झालं का, की वेटिंग आहे? मधल्या आरएसीला कुणी धड ओळखतच नाही. कोणी म्हणतं अर्धं कन्फर्म, कोणी म्हणतं वेटिंगच. दोन्ही समजुती पैसे घालवतात, म्हणून आज फक्त आरएसीबद्दल बोलतो.

आरएसीच्या माणसाला गाडीत चढायचा पूर्ण हक्क असतो. त्याचं नाव चार्टमध्ये, म्हणजे गाडीआधी निघणाऱ्या प्रवाशांच्या अंतिम यादीत, येतं. नुसत्या वेटिंगचं ई-तिकीट चार्ट झाल्यावर आपोआप रद्द होतं, तसं याचं होत नाही. मात्र झोपायला आख्खा बर्थ मिळेल, ही हमी त्यात नाही. साईड लोअर बर्थ तुम्ही पाहिलाच आहे: दोन टोकांना समोरासमोर दोन सीट, पाठी खाली पाडल्या की एक बर्थ. त्या दोन सीट आरएसीच्या दोघांना देतात. स्लीपर आणि थ्री एसीत हे नंबर 7, 15, 23, 31 असे आठ-आठने वाढत जातात. चार्टनंतर तुमच्या तिकिटावर आरएसीसोबत यातला एखादा नंबर दिसला, तर समजा की त्याच नंबरवर आणखी एक प्रवासी आहे. तो तुमच्या ओळखीचा असेलच असं नाही. भाडं मात्र दोघांचंही पूर्ण.

दिवसा काही अडचण नाही. साईड अपरवाल्यालाही दिवसा खाली बसायचा हक्क आहे, तेव्हा थोडी दाटी होते एवढंच. रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपायची वेळ, त्यात वरच्याने वर जायचं. खालचे दोघे मात्र तिथेच. पाठी पाडल्या तर दोघांचे पाय एकमेकांच्या अंगावर, नाही पाडल्या तर रात्रभर बसून. कंबरदुखीच्या माणसाला हे झेपत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. एसीत असाल तर बेडरोल दोघांनाही स्वतंत्र मिळायला हवा. रेल्वे बोर्डाने 2017 मध्ये तसे आदेश दिले आहेत, आणि त्याचे पैसे तुमच्या भाड्यात आलेलेच असतात. अटेंडंटने दोघांत एक दिला, तर दुसरा मागून घ्या.

आता झोपायला जागा कशी मिळते ते बघू. चार्टनंतर जे येत नाहीत, त्यांचे बर्थ टीसी आरएसीच्या क्रमाने देतो. कोकणकन्या सीएसएमटीहून 23:05 ला सुटते, पण तिचे पुष्कळ प्रवासी दादर, ठाणे आणि पनवेलला चढतात. म्हणजे कुठला बर्थ खरोखर रिकामा राहिला, हे टीसीला पनवेल गेल्यावरच कळतं, आणि तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. दादरला त्याच्यामागे लागून उपयोग नाही. पनवेलनंतर तो तपासत येईल तेव्हा जागे राहा, आपला आरएसी नंबर सांगा. आणखी एक गोष्ट: मिळणारा बर्थ जो सुटला तो, बहुतेकदा वरचा. आजी आरएसीवर खाली बसलेली असते आणि कन्फर्म होऊन तिला अपर मिळतो, असंही होतं. तेव्हा शेजारच्या लोअरवाल्याशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

पण माझा खरा मुद्दा पैशांचा आहे. परताव्याचे जे नियम नोव्हेंबर 2015 मध्ये लागू झाले, त्यांत आरएसी आणि वेटिंग एका बाजूला, कन्फर्म दुसऱ्या बाजूला. आरएसी रद्द केलं तर माणशी 60 रुपये क्लार्केज जातं, एसीत वर जीएसटी, बाकी परत. मुदत गाडीच्या ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीपर्यंत. कन्फर्मचं उलटं: जसजशी गाडीची वेळ जवळ येते तशी कपात वाढत जाते, आणि शेवटच्या काही तासांत हातात काहीच येत नाही.

उदाहरण घेऊ. लालबागचं चौघांचं कुटुंब: आजी, आई, वडील, मुलगा. कोकणकन्याचं स्लीपरचं एकच तिकीट. हिशेब सोपा व्हावा म्हणून भाडं माणशी 500 धरू. एकूण 2000. चार्टनंतर आजी आणि आई कन्फर्म, वडील आणि मुलगा आरएसी. रात्री नऊला आजीला ताप भरला, तिचं जाणं रद्द. आता दोन रस्ते आहेत.

पहिल्यात वडील म्हणतात, आजी आणि आई नाही येणार, आम्ही दोघे जातो. फक्त कन्फर्म दोघींचं रद्द करायला गेले तर परतावा शून्य, कारण गाडीला दोनच तास उरलेत. हजार रुपये गेले.

दुसऱ्यात चौघंही जात नाहीत आणि आख्खं तिकीट परत करतात. इथे नियम कुटुंबाच्या बाजूने उभा राहतो, आणि तो फार थोड्या लोकांना माहीत आहे. एकाच तिकिटावर काही कन्फर्म, काही आरएसी किंवा वेटिंग असतील, तर सगळ्यांचं तिकीट एकत्र परत केल्यास कन्फर्म माणसांनाही क्लार्केज वजा जाता पूर्ण भाडं मिळतं. चौघांचे 240 कापले जातील, 1760 परत येतील. आयआरसीटीसीचं सेवाशुल्क परत मिळत नाही, ते वेगळं.

आणि तिसरी शक्यता बघा. चार्टमध्ये चौघंही कन्फर्म झाले असते, तर रात्री नऊला एक पैसाही परत आला नसता. म्हणजे ज्या बातमीवर घरात पेढे वाटतात, तीच बातमी रद्द करायच्या दिवशी महाग पडते. पूर्वी चार्ट गाडीच्या चार तास आधी व्हायचा. जुलै 2025 पासून तो आणखी आधी होतो. त्यामुळे जाण्याबद्दल शंका असेल, तर चार्टच्या आधी ठरवून टाका. तोवर आरएसी स्वस्तात सुटते, आणि चार्टमध्ये ती कन्फर्म झाली की तुम्ही कन्फर्मच्या नियमात येता. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तासांचा तक्ता तिकीट काढतानाच एकदा साईटवर बघून घ्या.

चार्टनंतर साईटवरचं रद्द करण्याचं बटण चालत नाही. तेव्हा टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, भरायचा. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक इथेच चुकतात: कुणीच जाणार नसताना फक्त काहींची नावं निवडतात, आणि वरचा एकत्र परताव्याचा नियम लागूच होत नाही. चौघांच्या नावांवर खूण करा. 23:05 च्या गाडीसाठी ही मुदत 22:35 ला संपते, आणि गाडी उशिरा सुटणार असली तरी ठरलेली वेळच धरली जाते. शेवटच्या पाच मिनिटांत ओटीपी येत नाही, पासवर्ड आठवत नाही. म्हणून दहाच्या आत काम उरका आणि टीडीआरचा नंबर लिहून ठेवा, पैसे यायला काही दिवस लागतात.