हॉल, स्टॉल आणि भेटीची वेळ

श्रोतेहो, नमस्कार. औद्योगिक प्रदर्शनात स्टॉलच्या भिंतीवर लावायचा आणि सूचिपुस्तिकेसाठी द्यायचा जो पाच-सहा ओळींचा मजकूर असतो, त्याविषयी मी आज बोलणार आहे. उदाहरणासाठी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील, बीडाचे सुटे भाग ओतणारा एक मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणू. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे दर चार वर्षांनी भरणाऱ्या आणि २०२३ च्या जूनमध्ये झालेल्या ‘न्यूकास्ट’सारख्या ओतकामाच्या प्रदर्शनात त्याने नऊ चौरस मीटरची जागा घेतली आहे, असे समजू.

पहिली गोष्ट जागेची. अशा प्रदर्शनात हॉल अनेक असतात आणि ‘डी २४’ हा स्टॉल क्रमांक एकाहून अधिक हॉलमध्ये असू शकतो; म्हणून नुसता स्टॉल क्रमांक दिला तर ग्राहक भलत्याच हॉलमध्ये पोहोचतो आणि तेथून सहसा परत फिरत नाही. हॉलचा क्रमांक आधी आणि स्टॉलचा नंतर, असाच क्रम ठेवावा. संयोजकांकडून आधी मिळणारा क्रमांक बहुधा तात्पुरता असतो आणि नकाशा पक्का होताना तो बदलू शकतो. एकदा आमचे सर्व फलक छापून झाल्यावर हॉल तोच राहिला, पण स्टॉल दोन रांगा पलीकडे गेला. तेव्हापासून मी क्रमांकाची पट्टी वेगळी छापून घेतो आणि अंतिम नकाशा हाती आल्यावरच ती फलकावर चिकटवतो.

आता मालाविषयी, कारण खरी कसोटी येथेच लागते. आमच्या एका उद्योजक स्नेह्यांनी लिहून आणले होते, “आयएसओ प्रमाणित, दर्जेदार व किफायतशीर कास्टिंगचे उत्पादक.” यात खोटे काही नाही, परंतु त्या हॉलमधील बहुतेक फाउंड्र्या हेच म्हणू शकतात. ओतीव भाग खरेदी करणाऱ्याच्या खिशात ड्रॉइंग असते आणि तो भाग तुमच्या साच्यात बसेल काय, तुमच्या भट्टीतून तो धातू निघतो काय, एवढेच त्याला फलकावरून ताडायचे असते. म्हणून धातूचा प्रकार, एका नगाचे सर्वांत कमी व सर्वांत जास्त वजन, मोल्डिंग बॉक्सचे माप आणि मशीनिंग कारखान्यातच होते की बाहेर, या चार गोष्टी लिहाव्यात. धातूच्या श्रेणीबाबत विशेष जपावे. आपल्याकडील एफजी २६० आणि युरोपातील जीजेएल-२५० या राखाडी बीडाच्या जवळच्या श्रेणी आहेत, पण नावातले आकडे ताणशक्तीचे असल्यामुळे त्या एकच नाहीत; ज्या प्रमाणानुसार तुमच्या नमुन्यांची चाचणी प्रत्यक्ष झाली आहे, तेच नाव लिहावे. जे नमुने मांडणार आहात त्यांचाच उल्लेख करावा. कॅटलॉगमध्ये असलेला, पण टेबलावर नसलेला पंपाचा भाग ग्राहकाने मागितला की पुढचे बोलणे अवघड होते.

भेटीसाठी आमच्या टेबलावर अर्ध्या तासाची एक भेट धरली, तर सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत दहा भेटी होतात. उरलेला वेळ न ठरवता येणाऱ्यांसाठी मोकळा ठेवावा. ओतीव भागाची किंमत वजन, कोअरची संख्या आणि एका बॉक्समध्ये बसणारे नग यांवर ठरते, त्यामुळे उभ्या उभ्या दर सांगता येत नाही. ड्रॉइंग व वार्षिक मागणी दहा दिवस आधी मिळाली, तर त्याच भेटीत अंदाज देता येतो. वेळ नेहमी ड्युसेलडॉर्फची, असे स्पष्ट लिहावे आणि महिना अंकात न लिहिता अक्षरांत लिहावा.

फलक इंग्रजीत वा जर्मनमध्ये असेल, मराठीत तो असा होईल: “हॉल १३, स्टॉल डी २४. राखाडी बीड जीजेएल-२५० व एसजी बीड जीजेएस-५००-७ चे ओतीव भाग, प्रत्येकी २ ते ४० किलो, कमाल बॉक्स ७०० बाय ६०० मिलिमीटर, मशीनिंग कारखान्यातच. मांडलेले नमुने: व्हॉल्व्हची बॉडी, पंपाचे केसिंग, गिअरबॉक्सचे हाऊसिंग. भेट सकाळी ११ ते दुपारी ४, स्थानिक वेळ; ड्रॉइंग व वार्षिक नगसंख्या १० दिवस आधी पाठवावी; नोंदणीसाठी शेजारचा क्यूआर कोड स्कॅन करावा.” साधारणतः कोडची रुंदी स्कॅन करण्याच्या अंतराच्या एक दशांश असावी, म्हणजे दोन मीटरवरून स्कॅन व्हायचा असेल तर वीस सेंटिमीटर.

खाली दिलेला मोबाइल क्रमांक स्टॉलवर उभ्या असणाऱ्या माणसाचा असावा आणि त्याचे रोमिंग चालू असावे. जूनमध्ये कोल्हापूर ड्युसेलडॉर्फच्या साडेतीन तास पुढे असते. तिथे दुपारी साडेतीनला कोणी फोन केला, तर इथे संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि कार्यालयात फोन उचलायला कोणी नसते.